व्हॉट्सॲपने किती डेटा खाल्ला? कॉल आणि मीडियाचा हिशेब रिचार्जच्या तारखेपासून कसा लावायचा

दुपारी चारलाच "आजचा 90% डेटा वापरून झाला" असा मेसेज येतो आणि घरात पहिला संशय व्हॉट्सॲपवर जातो. संशय खरा की खोटा, हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपच्याच आत आहे. कॉलवर किती गेला, फोटो-व्हिडिओवर किती गेला, स्टेटस बघण्यात किती गेला, याची वेगवेगळी नोंद ॲप ठेवते. अडचण एवढीच की ही नोंद ॲप टाकल्या दिवसापासून वाढत राहते. ती स्वतः कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा उघडून पाहणाऱ्याला तिथे दोन-तीन वर्षांचा गोळाबेरीज आकडा दिसतो. त्यावरून या महिन्याचे काहीच कळत नाही.

या लेखात प्रीपेड ग्राहकाचे उदाहरण धरले आहे: 28 दिवसांचा पॅक, रोज 1.5 जीबी. पोस्टपेड असेल तर तारखा बदलतील, पद्धत तीच.

आकडे कुठे दिसतात

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप उघडा, वर उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि असे जा:

```
Settings > Storage and data > Network usage
```

आयफोनवर तीन ठिपके नाहीत. तिथे खालच्या पट्टीतून `Settings` उघडायचे आणि पुढे `Storage and Data`, मग `Network Usage`. फोन मराठीत चालवत असाल तर शब्द वेगळे दिसतील, पण क्रम हाच आहे.

`Storage and data` मध्ये पहिलीच ओळ `Manage storage` अशी असते आणि बरेच जण तिथेच अडकतात. ती ओळ फोनमध्ये जागा किती अडली आहे ते सांगते, डेटा किती गेला ते नाही. या दोन आकड्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. एखादा 60 एमबीचा व्हिडिओ उतरवून लगेच पुसून टाकला तर जागा मोकळी होते, पण गेलेला 60 एमबी डेटा परत येत नाही. `Network usage` मध्ये तो नोंदलेलाच राहतो. पुसलेला व्हिडिओ पुन्हा उतरवला तर आणखी 60 एमबी चढतात.

`Network usage` उघडल्यावर वर एकूण आकडा दिसतो: किती पाठवला आणि किती घेतला. त्याखाली ओळी येतात. `Calls`, `Media`, `Messages`, `Status`, बॅकअपची ओळ (अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हची, आयफोनवर आयक्लाउडची) आणि `Roaming`. प्रत्येक ओळीपुढे वर जाणारा बाण म्हणजे तुमच्या फोनमधून बाहेर गेलेला डेटा, खाली येणारा बाण म्हणजे आत आलेला. पॅकमधून दोन्ही कापले जातात, म्हणून हिशेब करताना दोन्ही मिळवायचे. फक्त खालचा बाण बघून "एवढासाच वापर आहे" असे म्हणणाऱ्यांचा कॉलचा अर्धा खर्च नजरेतून सुटतो.

सगळ्यात खाली `Reset statistics` असते आणि तिथेच मागच्या रिसेटची तारीख दिसते. तिथे `Never` लिहिलेले असेल तर वरचा सगळा आकडा ॲप टाकल्यापासूनचा आहे असे समजा.

कॉल आणि मीडियाच्या ओळी कशा वाचायच्या

`Calls` या एकाच ओळीत साधे कॉल आणि व्हिडिओ कॉल दोन्ही येतात. त्यामुळे आकडा मोठा दिसला तरी दोष कोणाचा ते ओळ सांगत नाही. मात्र पाठवलेला आणि घेतलेला आकडा शेजारी ठेवून पाहिले तर बराच अंदाज येतो. दोघांमधल्या साध्या कॉलमध्ये दोन्ही आकडे साधारण सारखे वाढतात. दोन्ही बाजूंचा कॅमेरा चालू असलेल्या व्हिडिओ कॉलमध्येही तसेच होते. घेतलेला आकडा पाठवलेल्याच्या कितीतरी पुढे असेल तर दोन शक्यता असतात: तुम्ही कॅमेरा बंद ठेवून समोरच्याचा व्हिडिओ बघता, किंवा ग्रुप कॉल जास्त आहेत. ग्रुप व्हिडिओ कॉलमध्ये तुमचा चेहरा एकदाच वर जातो, पण बाकीच्या सगळ्यांचे चेहरे तुमच्याकडे उतरतात. दिवाळीत सगळी भावंडे एका कॉलवर जमली की हा फरक स्पष्ट दिसतो.

एकेका कॉलचा खर्च हवा असेल तर त्याचीही सोय आहे. `Calls` टॅबमध्ये जाऊन त्या व्यक्तीच्या कॉलची माहिती उघडली की प्रत्येक कॉलपुढे वेळ आणि गेलेला डेटा लिहिलेला असतो. तो साधा होता की व्हिडिओ, हेही खुणेवरून कळते. महिन्याच्या एकूण आकड्यातला मोठा घास कोणाच्या कॉलने घेतला, हे शोधायला ही जागा सर्वात चांगली.

`Media` मध्ये फोटो, व्हिडिओ, फाइली आणि व्हॉईस मेसेज येतात. इथे पाठवलेला आकडा अनेकांना आश्चर्य वाटावे इतका लहान असतो. व्हिडिओ शंभर जणांच्या ग्रुपमध्ये टाकला तरी तुमच्या फोनमधून तो एकदाच वर जातो, शंभर वेळा नाही. नुकताच आलेला व्हिडिओ पुढे ढकलला, तर तो व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर अजून असल्यास पुन्हा वर चढवावाच लागत नाही. म्हणजे फॉरवर्ड करणाऱ्याला जवळपास काहीच लागत नाही, लागतो तो उतरवून घेणाऱ्यांना. सुप्रभातचे व्हिडिओ पाठवणारे काका कधीच "डेटा संपला" म्हणत नाहीत, त्यामागे हेच गणित आहे.

`Messages` ची ओळ सोडून दिली तरी चालते. दिवसभर गप्पा मारल्या तरी मजकुराचा डेटा बाकीच्यांसमोर नगण्य असतो. `Status` कडे मात्र लक्ष ठेवा. एकामागून एक स्टेटस सरकवत बसणे म्हणजे छोटे व्हिडिओ उतरवत राहणेच असते.

सर्वात मोठी मर्यादा: वायफाय आणि मोबाइल डेटा एकत्र

इथे नीट थांबायला हवे, कारण बहुतेक चुकीचे निष्कर्ष इथून निघतात. व्हॉट्सॲपची ही नोंद मोबाइल डेटा आणि वायफाय असा भेद करत नाही. घरच्या वायफायवर केलेला तासाभराचा व्हिडिओ कॉल आणि एसटीत बसून मोबाइल डेटावर केलेला कॉल, दोन्ही एकाच ओळीत जमा होतात. म्हणजे व्हॉट्सॲपमध्ये 10 जीबी दिसले, म्हणून पॅकमधून 10 जीबी गेले असे होत नाही. (टेलिग्राममध्ये मोबाइल, वायफाय आणि रोमिंगचे वेगळे भाग आहेत. व्हॉट्सॲपमध्ये ती सोय नाही.)

म्हणून दोन नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. कशावर गेला, ते व्हॉट्सॲप सांगते. पॅकमधून किती गेला, ते फोनची स्वतःची नोंद सांगते.

फोनची नोंद अँड्रॉइडवर कंपनीनुसार थोडी वेगळ्या ठिकाणी असते. साध्या अँड्रॉइडवर:

```
Settings > Network & internet > SIMs > (तुमचे सिम) > App data usage
```

सॅमसंगवर `Settings > Connections > Data usage > Mobile data usage`. सापडलेच नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत `data usage` टाका. या यादीत व्हॉट्सॲपपुढचा आकडा फक्त मोबाइल डेटाचा असतो. आयफोनवर `Settings > Mobile Data` उघडून खाली सरकले की ॲपनिहाय यादी येते.

आता यातली मेख. अँड्रॉइडची ही नोंद महिन्याच्या ठरलेल्या तारखेला नवी सुरू होते, 28 दिवसांनी नाही. तुम्ही चक्राची तारीख 3 ठेवली असेल तर ती 3 जून ते 2 जुलै असे मोजणार. तुमचा पॅक मात्र 30 जूनलाच संपतो. पुढच्या महिन्यात हा फरक आणखी वाढतो. आयफोनवर तर `Current Period` चा आकडा तुम्ही रिसेट करेपर्यंत वाढतच राहतो. नावात "पिरियड" असले तरी त्याचा तुमच्या पॅकशी संबंध नाही.

रिसेट केव्हा करायचा

रिसेट पॅक सुरू होण्याच्या दिवशी करा. महिन्याच्या 1 तारखेला करण्यात काही अर्थ नाही, कारण कापला जाणारा डेटा कॅलेंडर बघून कापला जात नाही. 28 दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे, याचा एक फायदा आहे: वेळेवर रिचार्ज करत राहिलात तर वार कायम तोच राहतो. 3 जून 2025 ला मंगळवारी पॅक सुरू झाला असेल तर पुढचे 1 जुलै, 29 जुलै आणि 26 ऑगस्टला, सगळे मंगळवारीच. फोनच्या कॅलेंडरमध्ये दर 4 आठवड्यांनी येणारी आठवण एकदा लावून ठेवली की तारखा मोजत बसावे लागत नाही.

पैसे भरल्याचा दिवस आणि पॅक सुरू झाल्याचा दिवस एकच असेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवा. जुना पॅक संपण्याआधी दोन दिवस रिचार्ज केले तर नवा पॅक रांगेत थांबून जुना संपल्यावर सुरू होऊ शकतो. कंपनीच्या ॲपमध्ये वैधता कधीपर्यंत आहे ते बघून घ्या आणि त्यावरून दिवस ठरवा.

त्या दिवशी हा क्रम ठेवा:

1. `Network usage` उघडा आणि सगळ्या ओळी येतील असा स्क्रीनशॉट काढा. रिसेट केल्यावर जुने आकडे कायमचे जातात. मागच्या महिन्यांचा इतिहास ॲप कुठेही ठेवत नाही आणि रिसेट मागेही घेता येत नाही.
2. फोनच्या नोंदीतला व्हॉट्सॲपचा मोबाइल डेटाचा आकडा उघडून त्याचाही स्क्रीनशॉट काढा.
3. व्हॉट्सॲपमध्ये खाली `Reset statistics` दाबा आणि येणाऱ्या चौकटीत होकार द्या. यात चॅट, फोटो, कॉलची यादी काहीही पुसले जात नाही. शून्य होतात ते फक्त हे आकडे.
4. अँड्रॉइडवर डेटा वापराच्या सेटिंगमध्ये चक्र सुरू होण्याची तारीख आजची करा. 1 जुलैला 1, 29 जुलैला 29. दर रिचार्जला ही तारीख बदलावी लागते, पण दोन्ही नोंदी एकाच दिवसापासून सुरू करण्याचा हा सोपा मार्ग आहे. आयफोनवर `Mobile Data` च्या अगदी तळाशी असलेले `Reset Statistics` दाबा. तिथे मात्र सगळ्याच ॲपचे आकडे शून्य होतात.
5. रिसेटची तारीख दिसते आहे ना ते बघा आणि स्क्रीन बंद करा.

यानंतर पुढच्या रिचार्जपर्यंत रिसेटला हात लावू नका. मधेच "आज किती गेला बघू" म्हणून रिसेट केले की महिन्याचा हिशेब तुटतो. मधले मोजमाप वजाबाकीने करायचे. विजेचे मीटर दर महिन्याला शून्यावर कोणी आणत नाही, मागचे रीडिंग वजा करतात. तसेच.

वजाबाकीने दिवसाचा आणि कॉलचा खर्च

रोजच्या मर्यादेचा पॅक असेल तर महिन्याची बेरीज एका प्रश्नाचे उत्तर देत नाही: आजचा डेटा दुपारीच का संपला? त्यासाठी सकाळी उठल्यावर एक स्क्रीनशॉट आणि "डेटा संपला" चा मेसेज आल्यावर दुसरा, एवढे पुरते. दोन्हींच्या ओळी वजा केल्या की त्या दिवसाचा दोषी सापडतो. एकाच दिवसावर विसंबू नका. एक कामाचा दिवस आणि एक रविवार तरी मोजा, कारण दोन्हींचे चित्र सहसा वेगळे निघते.

कॉलचा दर मिनिटाचा खर्च काढायचा असेल तर वायफाय बंद करा, `Calls` ओळीचे दोन्ही आकडे लिहून घ्या, घड्याळ लावून दहा मिनिटे बोला, फोन ठेवा आणि `Network usage` मधून एकदा बाहेर येऊन पुन्हा आत जा. उघड्या राहिलेल्या स्क्रीनवर जुनाच आकडा दिसत राहू शकतो, म्हणून बाहेर येणे गरजेचे.

समजा कॉलच्या आधी पाठवलेला 112.4 एमबी आणि घेतलेला 118.9 एमबी होता. नंतर 115.6 आणि 122.0 झाला. म्हणजे वर 3.2 आणि खाली 3.1, मिळून 6.3 एमबी. दहा मिनिटांनी भागले की मिनिटाला 0.63 एमबी. मग असाच दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करून बघा. समजा तिथे वर 38 आणि खाली 41, मिळून 79 एमबी आले. मिनिटाला 7.9 एमबी. या उदाहरणात एका मिनिटाचा व्हिडिओ कॉल साडेबारा मिनिटांच्या साध्या कॉलइतका पडला. तुमचे आकडे फोनवर, नेटवर्कवर आणि समोरच्याच्या कॅमेऱ्यावर अवलंबून वेगळे येतील. नेट कमकुवत असेल तर ॲप दर्जा खाली आणते आणि डेटा कमी लागतो. म्हणून हे मोजमाप नेहमीच्या जागी आणि नेहमीच्या माणसाशी बोलताना करावे.

हा दर हातात आला की आणखी एक गोष्ट कळते. रोजचा कोटा संपल्यावर अनेक पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. आठाने भागले की सेकंदाला 8 केबी, म्हणजे मिनिटाला साधारण 480 केबी. वरच्या उदाहरणातला साधा कॉल एका दिशेने मिनिटाला सुमारे 320 केबी घेतो. म्हणजे कोटा संपल्यावरही तो कसाबसा चालतो, पण मागे एखादा फोटो उतरायला लागला की आवाज तुटतो. व्हिडिओ कॉलला एका दिशेने मिनिटाला जवळपास 4 एमबी हवेत, त्यामुळे तो चालणारच नाही. संध्याकाळी "आवाज येतोय का?" असे विचारत बसण्यापेक्षा मीडिया उतरवणे बंद करून साधा कॉल केलेला बरा.

28 दिवसांचा एक हिशेब

आता एका पूर्ण पॅकचे नमुना आकडे घेऊ. 3 जूनला रिसेट, 1 जुलैला सकाळी वाचन:

| ओळ | पाठवला | घेतला |
|---|---|---|
| Calls | 1.9 जीबी | 2.3 जीबी |
| Media | 240 एमबी | 4.1 जीबी |
| Status | 30 एमबी | 620 एमबी |
| बॅकअप | 1.4 जीबी | 0 |
| Messages | 9 एमबी | 22 एमबी |

पाठवलेला सुमारे 3.6 जीबी, घेतलेला सुमारे 7 जीबी, मिळून साडेदहा जीबीच्या आसपास. पॅकमध्ये एकूण 28 गुणिले 1.5 म्हणजे 42 जीबी होते. फोनच्या नोंदीत व्हॉट्सॲपचा मोबाइल डेटा 4.7 जीबी निघाला. म्हणजे उरलेले सहा जीबीच्या जवळचे वायफायवर गेले आणि त्याचा पॅकशी संबंध नाही. पॅकमधला व्हॉट्सॲपचा वाटा दहा-बारा टक्के. डेटा रोज दुपारी संपत असेल तर दोषी दुसराच कोणीतरी आहे आणि तो फोनच्या त्याच यादीत व्हॉट्सॲपच्या वर बसलेला असणार. इतकी धडपड करून व्हॉट्सॲप निर्दोष सुटणे, हे अगदी नेहमीचे आहे.

तरी या 4.7 जीबीत काटछाट करायची तर कुठे? सगळ्यात मोठी ओळ म्हणजे घेतलेला मीडिया, 4.1 जीबी. त्यातला किती स्वतः दाबून उतरवला आणि किती आपोआप उतरला, हे ओळ सांगत नाही. म्हणून पहिला बदल तिथेच करून बघायचा: `Storage and data` मध्ये `Media auto-download` खाली `When using mobile data` उघडा आणि फोटोसह सगळ्या खुणा काढा. मुळात तिथे फोटोंवर खूण असते, म्हणजे ग्रुपवर आलेला प्रत्येक फोटो न विचारता उतरतो. व्हॉईस मेसेज मात्र या सेटिंगनंतरही आपोआप उतरतातच, ते थांबवता येत नाहीत. `When connected on Wi-Fi` तसेच ठेवायला हरकत नाही, पण शेजारच्याचा किंवा दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट वापरत असाल तर सावध राहा. तुमच्या फोनला हॉटस्पॉट म्हणजे वायफायच वाटते आणि तो मुक्त हस्ताने व्हिडिओ उतरवू लागतो, बिल मात्र हॉटस्पॉट देणाऱ्याच्या नावावर चढते.

दुसरी ओळ बॅकअप. 1.4 जीबी मोबाइल डेटावरून जाण्याचे काहीच कारण नाही. `Settings > Chats > Chat backup` मध्ये मोबाइल डेटाने बॅकअप करण्याची परवानगी बंद करा, म्हणजे तो फक्त वायफायवर होईल. बॅकअपमध्ये व्हिडिओ धरण्याची खूण असेल तर ती काढल्यावर आकडा आणखी उतरतो. ही खूण काढली तर फोन बदलताना ते व्हिडिओ परत मिळणार नाहीत, हे मात्र ठरवून करा.

कॉलसाठी `Storage and data` मध्येच `Use less data for calls` आहे. ते चालू करून वरच्यासारखा दहा मिनिटांचा कॉल पुन्हा मोजा. फरक किती पडतो ते तुमच्याच आकड्यांवरून ठरवा. चांगल्या नेटवर्कवर तो जास्त दिसतो. नेटवर्क आधीच कमकुवत असेल तर ॲपने दर्जा खाली आणलेलाच असतो, त्यामुळे कमी करण्यासारखे फारसे उरत नाही. तिन्ही बदल एकाच दिवशी करू नका. एका चक्रात एकच बदल केला तर 28 दिवसांनी कशाने किती वाचला ते ओळीवर बोट ठेवून सांगता येते.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

कंपनीचे ॲप, फोन आणि व्हॉट्सॲप, तिघांचे आकडे तंतोतंत कधीच जुळत नाहीत. कोणी 1 जीबी म्हणजे 1000 एमबी धरते, कोणी 1024. जीबीच्या पातळीवर यानेच सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय डेटा लहान लहान पाकिटांतून जातो आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरेची जादा माहिती असते. कंपनी पूर्ण पाकिटाचे वजन मोजते. कॉलची पाकिटे लहान आणि संख्येने खूप असल्यामुळे तिथे हा जादा भार जास्त जाणवतो. पाच-दहा टक्क्यांच्या फरकामागे लागू नका. भांडणाची वेळ आली तर कंपनी स्वतःचीच नोंद मानते.

फरक मोठा असेल तर मात्र कारण शोधता येते. फोनच्या नोंदीतला मोबाइल डेटा व्हॉट्सॲपच्या आतल्या एकूण आकड्यापेक्षा जास्त दिसत असेल, तर बहुधा दोन्हींची सुरुवातीची तारीख वेगळी आहे. व्हॉट्सॲप मधेच रिसेट झाले किंवा फोनचे चक्र जुन्या तारखेला अडकले. तारखा बरोबर असूनही असे होत असेल तर फोनवर दुसरे खाते आहे का बघा. ड्युअल ॲपने केलेल्या दुसऱ्या व्हॉट्सॲपची आणि व्हॉट्सॲप बिझनेसची नोंद वेगळी राहते, त्यामुळे प्रत्येकाची वेगळी वाचावी आणि वेगळी रिसेट करावी लागते.

आकडे अचानक शून्य झाले आणि तुम्ही काही केले नसेल, तर ॲप काढून पुन्हा टाकले गेले आहे, त्याचा डेटा पुसला गेला आहे किंवा फोन बदलला आहे. चॅट बॅकअपमधून परत आल्या तरी हे आकडे परत येत नाहीत. रिसेटची तारीख बघितली की लगेच कळते. अशा वेळी तो महिना फक्त फोनच्या नोंदीवरून मोजा.

शेवटचा प्रकार लॅपटॉपचा. लॅपटॉपवरच्या व्हॉट्सॲपवर केलेले कॉल आणि तिथे उतरवलेल्या फाइली फोनच्या व्हॉट्सॲपमध्ये मोजल्या जात नाहीत, कारण लॅपटॉप थेट सर्व्हरशी बोलतो. पण तो लॅपटॉप तुमच्याच फोनच्या हॉटस्पॉटवर असेल तर डेटा तुमच्याच पॅकमधून जातो. फोनच्या यादीत तो व्हॉट्सॲपपुढे नव्हे, अँड्रॉइडवर `Hotspot & tethering` आणि आयफोनवर `Personal Hotspot` या नावापुढे दिसतो. घरून काम करणाऱ्यांनी व्हॉट्सॲपच्या ओळी तपासण्याआधी ही ओळ पाहावी.